महागाई घराचं बजेट आणि सेव्हिंग कसं खाते: वर्गातल्या प्रेझेंटेशनची स्क्रिप्ट

(पहिली स्लाइड लावून ठेवायची, फक्त टायटल. सगळे बसेपर्यंत थांबायचं.)

नमस्कार मॅडम, नमस्कार सगळ्यांना. माझा टॉपिक महागाई आहे, आणि आता लगेच मागच्या बाकावरून "अरे हे तर आम्हाला माहितीये, सगळं महाग झालंय" असा आवाज येणार. आला पण. तर महाग झालंय हे सगळ्यांनाच माहितीये, त्यावर मी दहा मिनिटं घालवणार नाहीये. मला दाखवायचंय की महागाई ८ टक्के आहे असं बातमीत सांगतात तेव्हा घरातला फटका ८ टक्के नसतो, कितीतरी मोठा असतो, आणि तो बसतो बरोबर त्या जागी जिथे आपलं लक्ष नसतं.

व्याख्या एका वाक्यात उरकतो. बहुतेक वस्तू आणि सेवांचे भाव सरसकट आणि सतत वाढत राहणं म्हणजे महागाई, किंवा पुस्तकात चलनवाढ. एखादीच गोष्ट एका आठवड्यात महागली आणि परत उतरली तर ती चलनवाढ नाही, परीक्षेत हे विचारतात म्हणून सांगितलं.

(बोर्डवर जायचं. आकडे मोठे लिहायचे, मागे दिसत नाही.)

आता एक घर घेऊ. महिन्याला ४०,००० येतात. भाडं १०,०००, किराणा १२,०००, प्रवास ४,०००, वीज गॅस फोन मिळून ४,०००, शिक्षण आणि औषधं ४,०००, आणि बाकीचं किरकोळ, कपडे, कोणाचं काय, २,०००. बेरीज किती? ३६,०००. म्हणजे उरले ४,०००, ते बचतीत जातात. चांगलं घर आहे, दहा टक्के बचत करतंय.

आता वर्षभरात सगळ्याचे भाव ८ टक्क्यांनी वाढले असं धरू, आणि पगार तेवढाच राहिला. या घराने काहीही नवीन घेतलेलं नाही, एकही जादा वस्तू नाही, जे गेल्या वर्षी वापरत होते तेच वापरतायत. ३६,००० चे झाले ३८,८८०. ४०,००० मधून वजा करा.

(इथे थांबायचं, कोणीतरी उत्तर देईल.)

हो, १,१२०. चार हजारांची बचत होती ती अकराशे वीस झाली. म्हणजे महागाई ८ टक्के आणि बचत कमी झाली ७२ टक्क्यांनी! हा आकडा मी दोनदा करून बघितला कारण मलाही खरा वाटेना. पण कारण साधं आहे, भाडं थांबत नाही, लाइट बिल थांबत नाही, शाळेची फी थांबत नाही, मग वाढलेला सगळा खर्च येऊन पडतो शेवटच्या ओळीवर, आणि शेवटची ओळ म्हणजे बचत. खर्च मोठा आणि बचत छोटी, त्यामुळे मोठ्या आकड्यातली थोडीशी वाढ छोट्या आकड्याला जवळजवळ गिळून टाकते.

दुसऱ्या वर्षीही असंच झालं तर? ३८,८८० वर परत ८ टक्के, होतात साधारण ४१,९९०. आता घर दरमहा जवळपास दोन हजारांनी तुटीत. दोन वर्षांपूर्वी बचत करणारं घर आता उसने घेतंय, आणि मधे कोणी उधळपट्टी केलेली नाही. घरात मात्र याच वेळी भांडणं सुरू होतात की पैसे जातात कुठे, तू जास्त खर्च करतोस, तू करतेस वगैरे.

कोणी म्हणेल पगारही वाढतो की. वाढतो. समजा ५ टक्के वाढला, ४२,००० झाला. त्यातून पहिल्या वर्षाचा वाढलेला खर्च वजा केला तर ३,१२० उरतात. पगारवाढीचे पेढे वाटले, आणि बचत तरी आधीपेक्षा कमीच. त्यात हे ३,१२० पण नव्या भावातले आहेत, जुन्या भावात मोजले तर २,८९० च्या आसपास. हातात येणाऱ्या आकड्याला नॉमिनल उत्पन्न म्हणतात आणि त्यातून प्रत्यक्षात काय येतं त्याला वास्तव उत्पन्न, रिअल. पगार नॉमिनलमध्ये वाढला आणि रिअलमध्ये घटला, एकाच वेळी.

(स्लाइड २, साबणाच्या दोन वड्यांचा फोटो.)

महागाई लपूनही येते. ही वडी आधी १०० ग्रॅमची होती, आता ८८ ग्रॅम, किंमत तीच. रॅपर तसंच, रंग तोच, वजन मागच्या बाजूला बारीक अक्षरात. याला श्रिंकफ्लेशन म्हणतात. वजन १२ टक्क्यांनी कमी झालं, पण गणित करा, ग्रॅममागे भाव वाढला साडेतेरा टक्क्यांच्या वर. आणि घरात काय वाटतं, तर साबण हल्ली लवकर संपतो. कोण एवढा साबण लावतो याची चौकशी होते!

आता एक प्रश्न जो मला स्वतःला पडला होता, की बातमीत एकच आकडा सांगतात मग प्रत्येक घराला तो वेगळा का वाटतो. तर तो आकडा काढताना एक सरासरी टोपली धरतात, ग्राहक किंमत निर्देशांक तो हाच, त्यात प्रत्येक गटाला त्याचं वजन, म्हणजे एकूण खर्चातला वाटा, दिलेलं असतं. पण तुमच्या घराची टोपली सरासरी नसते ना. समजा खाण्यापिण्याचे भाव १२ टक्के वाढले आणि बाकी सगळ्याचे ४ टक्के. ज्या घराचा निम्मा खर्च खाण्यावर आहे त्यांची महागाई झाली ८ टक्के, ज्यांचा पाचवा हिस्साच खाण्यावर जातो त्यांची ५.६. दुकान एक, भाव एक, महागाई वेगळी. आणि निम्मा खर्च खाण्यावर कोणाचा असतो, तर कमी उत्पन्नाच्या घराचा. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने हे १८५७ मध्येच दाखवलं होतं, उत्पन्न जितकं कमी तितका खाण्यावरचा वाटा जास्त. (हा मार्क्सचा मित्र एंगेल्स नाही, तो वेगळा, गोंधळ करू नका.) म्हणून अन्नधान्याची महागाई गरीब घराला जास्त चावते, आणि त्यांच्याकडे कापायला किरकोळ खर्चाची ओळच नसते.

(स्लाइड ३. इथून बचत.)

इथपर्यंत आपण नवीन बचत कमी कशी होते ते बघितलं. आता जी आधीच साठवून ठेवलीये तिचं काय होतं ते. हा भाग जास्त वाईट आहे, कारण इथे काही कमी झालेलं दिसतच नाही, पासबुकात आकडा उलट वाढताना दिसतो.

एक लाख खात्यात ठेवले, व्याज ४ टक्के, महागाई ७ टक्के. वर्षाने खात्यात १,०४,०००. पण जे सामान एक लाखात येत होतं ते आता १,०७,००० ला. म्हणजे आपण तीन हजारांनी मागे पडलो. व्याजातून महागाई वजा केली की जे उरतं ते वास्तव व्याज, इथे उणे ३ च्या आसपास. अर्थशास्त्रात हे समीकरण अर्व्हिंग फिशर यांच्या नावाने ओळखलं जातं, अंदाजे का म्हणतोय तर नेमकं करायला वजाबाकी नाही भागाकार करावा लागतो, पण दर लहान असले की फरक किरकोळ पडतो. त्यात अजून एक, व्याजावर कर लागत असेल तर तो पूर्ण ४,००० वर लागतो. आपण मागे पडलोय हे करखात्याच्या हिशोबात येत नाही.

दहा वर्षं असंच चाललं तर खात्यात साधारण १,४८,००० होतील, बघून छान वाटेल. पण एक लाखाचं ते सामान तोपर्यंत १,९७,००० च्या घरात गेलेलं असेल. खात्यातल्या पैशात त्याचं जेमतेम पाऊण सामान येईल. आणि ज्यांनी पैसे कपाटात ठेवले त्यांचं तर निम्मंच येईल. यासाठी ७२ चा नियम लक्षात ठेवा, ७२ ला महागाईच्या दराने भागा, जवळपास तेवढ्या वर्षांत भाव दुप्पट. ७ टक्क्यांना दहा वर्षं आणि थोडं, ६ टक्क्यांना बारा. कॅल्क्युलेटर लागत नाही.

याचं टोकाचं रूप म्हणजे १९२३ चं जर्मनी. पहिल्या महायुद्धाआधी एका डॉलरला साधारण ४.२ मार्क मिळायचे, नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. आयुष्यभर साठवून व्याजावर आणि पेन्शनवर जगणारे लोक धुऊन निघाले. आणि ज्यांच्या डोक्यावर मार्कमध्ये कर्ज होतं त्यांचं कर्ज जवळपास फुकटात फिटलं. अन्याय वाटतो, पण महागाई अशीच वागते, पैसे द्यायचे असलेल्याला हलकं करते आणि घ्यायचे असलेल्याला मारते. साध्या महागाईतही हेच होतं फक्त हळू, फिक्स व्याजाचा कर्जहप्ता असलेल्या घराचा हप्ता तेवढाच राहतो आणि पगार थोडा जरी वाढला तरी तो हप्ता हलका वाटायला लागतो. म्हणून कर्ज काढा असं मी म्हणत नाहीये हं, व्याजदर बदलता असेल तर महागाई वाढल्यावर बँका हप्ताही वाढवतात.

एक गैरसमज राहिला. महागाई कमी झाली अशी बातमी आली की आपल्याला वाटतं भाव उतरले. नाही. १०० ची वस्तू ८ टक्क्यांनी १०८ झाली, पुढच्या वर्षी महागाई निम्मी म्हणजे ४ टक्के झाली तर ती ११२ वर गेली. वेग कमी झाला, गाडी पुढेच जातेय. भाव मागे यायचे तर महागाईचा दर शून्याच्या खाली जावा लागतो, आणि ते झालं तर दुकानं, नोकऱ्या यांचे वेगळे प्रॉब्लेम सुरू होतात. म्हणून बऱ्याच मध्यवर्ती बँका शून्य नाही तर २ टक्क्यांच्या आसपास महागाई ठेवायचं ध्येय धरतात.

मग घराने करायचं काय? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आधी स्वतःच्या घराचा महागाई दर काढा, गेल्या वर्षीचा याच महिन्याचा खर्च आणि आत्ताचा, तेवढंच सामान धरून. दुसरं, अडीअडचणीचे पैसे लगेच मिळतील असेच ठेवा, ते झिजतील पण ती झीज सोसायची, दवाखान्यात वास्तव व्याज विचारत नाहीत. त्याच्यावरचे लांब मुदतीचे पैसे मात्र असे ठेवायचे जिथे परतावा कर जाऊनही महागाईच्या पुढे असेल, त्यात जोखीम येते, आणि कोणी बिनजोखमीचं भरपूर व्याज देतो म्हटलं तर तिथून उठून यायचं.

(बोर्ड पुसायचा नाही, प्रश्न त्यावरूनच येतील.)

माझं झालं. प्रश्न विचारा, बोर्डवरच्या बजेटमध्ये कोणाला भाडं किंवा किराणा बदलून बघायचा असेल तर पुढे या, आकडे सांगा, परत बेरीज करू.