पोचिंकीत भेटलेली भरीतक्वीन

(ऑनलाइन गेमची टीम चॅट, एरँगल मॅप, स्क्वॉड, रात्री 12 नंतर)

बिल्लूभाई: पोचिंकीत उतरा भो

केळीवाला: नको रे तिथं लोकं मरायलाच जातात

भरीतक्वीन: मी उतरले पण

केळीवाला: मग मी पण आलो

बिल्लूभाई: आत्ता तर नको म्हणत होता 😂

भरीतक्वीन: दादा 4x स्कोप आहे का कोणाकडे

केळीवाला: 4x घ्या, 6x घ्या, पूर्ण बॅग घ्या, फक्त दादा नका म्हणू

बिल्लूभाई: मी तीन मॅचपासून मागतोय मला तर कधी नाही दिला

भरीतक्वीन: मग काय म्हणू, काका?

केळीवाला: 27 चा आहे हो मी

भरीतक्वीन: मी 25, म्हणजे दादाच बसतं

केळीवाला: बसतं पण बोचतं

भरीतक्वीन: अरे नॉक झाले, चर्चजवळ, खिडकीतून मारतोय तो

केळीवाला: हलू नका स्मोक टाकतो

बिल्लूभाई: भो मी पण नॉक आहे

केळीवाला: तू थांब जरा

केळीवाला: आता फर्स्ट एड लावा, टाकलंय खाली. शेवटचं आहे

भरीतक्वीन: आणि तुम्हाला? तुमची पण लाइफ लाल झालीय

केळीवाला: मला एनर्जी ड्रिंक आहे ना. तुमचं 75 पर्यंत भरेल, पुढचं माझ्यातलं अर्धं अर्धं करू

बिल्लूभाई: मेलो मी. आता स्पेक्टेटमध्ये बसून तुमची बोलणी ऐकतो

केळीवाला: भरीतक्वीन नाव ठेवलंय, भरीत येतं का पण?

भरीतक्वीन: ओ, पऱ्हाटीवर भाजते मी वांगी, गॅसवर नाही, आणि बडगीतच ठेचते, मिक्सरवाल्यांनी माझ्याशी बोलूच नये

केळीवाला: आमच्याकडं बडगी आहे आईची, मिक्सरला मी हात पण लावलेला नाही आयुष्यात

भरीतक्वीन: म्हणजे कामच करत नाही घरात

केळीवाला: 🙈

बिल्लूभाई: झोन येतोय रे बाबांनो, भरीत नंतर

(तिसरा नंबर आला. लॉबी.)

केळीवाला: एक बोलू का? इथं बिल्लू सगळं वाचतोय. गेममध्येच फ्रेंड रिक्वेस्ट टाकतो, नंबर वगैरे काही मागत नाही. नको वाटलं तर राहू द्या, 4x तुम्हाला तरी पण मिळत जाईल

बिल्लूभाई: मी झोपायला चाललो, 4x तर मला मिळणार नाहीच

(दोन मिनिटांनी रिक्वेस्ट स्वीकारली. पर्सनल चॅट.)

भरीतक्वीन: नंबर मागितला नाही म्हणून घेतली हां. मागच्या आठवड्यात एकानं पहिल्या मॅचला नंबर मागितला, दुसऱ्या मॅचला फोटो, आणि तिसऱ्या मॅचला शिव्या दिल्या

केळीवाला: त्याला ब्लॉक केलं ना?

भरीतक्वीन: केलं. रिपोर्ट पण केला

केळीवाला: बरं केलं. माझं काही चुकीचं वाटलं तर तोंडावर सांगा, मी गप बसेन

भरीतक्वीन: गप नका बसू लगेच 😄 तुम्ही काय करता पण एवढ्या रात्री

केळीवाला: शेतात बसलोय. या आठवड्यात थ्री फेज रात्रीची आहे, लाईट आली की मोटर चालू करून केळीला पाणी सोडायचं, तोपर्यंत गेम. रावेर. तुम्ही?

भरीतक्वीन: धुळे. लॅबमध्ये नाईट आहे, मशीन सॅम्पल चालवतंय आणि मी पोचिंकीत मरतेय

केळीवाला: धुळे म्हणजे चाळीसगावला गाडी बदलायची, मग भुसावळला बदलायची, तेव्हा कुठं रावेर

भरीतक्वीन: टाईमटेबल काढलं पण? मी काही येत नाहीये

केळीवाला: नाही नाही मी येण्याचं सांगत होतो. म्हणजे कधीतरी. म्हणजे तुम्ही बोलावलं तर. जाऊ द्या

भरीतक्वीन: घाम फुटला का

केळीवाला: हाव. आणि इथं वारं सुटलंय मस्त, तरी

भरीतक्वीन: बरं ते तुम्ही तुम्ही सोडा आता, तू म्हण

केळीवाला: तू पण मग

भरीतक्वीन: बघते. फोटो पाठव ना

केळीवाला: माझा??

भरीतक्वीन: तुझा कशाला, बागेचा. खरंच शेतात आहेस का कुठं पलंगावर पडून फेकतोयस ते बघायचंय

केळीवाला: गेममध्ये फोटो जात नाही ना

भरीतक्वीन: माहितीये मला

केळीवाला: …

भरीतक्वीन: इन्स्टाला शोध, हेच नाव, पुढं 25. तिथं फक्त बागेचा फोटो. स्वतःचा टाकला तर दादा म्हणेन, सगळ्यांसमोर

केळीवाला: अंधारात फक्त पानं आणि बॅटरीचा उजेड येईल

भरीतक्वीन: चालेल

केळीवाला: ए लाईट आली, स्टार्टर दाबून येतो, व्हॉल्व बदलायचाय, पाच मिनिटं

भरीतक्वीन: जा. बूट घाल, साप असतात

(सतरा मिनिटांनी)

भरीतक्वीन: पाच मिनिटं रावेरची का धुळ्याची?

केळीवाला: चिखलात पाय गेला गं. फोटो टाकलाय, बघ