गुरुवारच्या इंटरव्ह्यूची तयारी : ‘एआय टूल्स जबाबदारीने कशी वापराल?’

ऋतुजा,

फोनवर बोललो ते लिहून देतोय, म्हणजे बुधवारी कोल्हापूरहून निघालीस की गाडीत वाचता येईल. एसक्यूएल, एक्सेल, पॉवर बीआय यांत तुला माझी गरज नाही. पण एचआरने मेलमध्ये ‘एआय टूल्सचा जबाबदार वापर’ हा विषय मुद्दाम वेगळा लिहिलाय, म्हणजे त्यावर प्रश्न येणारच. कंपनी दुचाकीसाठी कर्ज देणारी. तेव्हा समोर अॅनालिटिक्सच्या माणसाबरोबर रिस्कमधलंही कोणीतरी बसेल असं धरून चल. बोलणं इंग्रजीत होईल, तरी आधी मराठीत पक्कं कर. पाठ केलेलं इंग्रजी दुसऱ्याच उपप्रश्नाला गळून पडतं.

मी पॅनेलवर बसतो तेव्हा या प्रश्नाला बहुतेक जण ‘एआयने वेळ वाचतो, पण माणसाची देखरेख हवी’ असं सांगतात. आम्ही मान डोलावतो आणि कागदावर काही लिहीत नाही. काही जण ‘मी वापरतच नाही’ म्हणतात, आणि ते खरं वाटत नाही. रिस्कवाल्याच्या डोक्यात दोनच शंका असतात. ग्राहकाचा डेटा या मुलीच्या हातून बाहेर जाईल का? आणि चुकीचा आकडा मीटिंगपर्यंत पोचेल का? म्हणून तत्त्वं सांगू नकोस, शेऱ्यांचं काम सांग. पहिलं उत्तर साधारण असं, दोन मिनिटांच्या आत :

“मी सध्या एका पतसंस्थेत वसुलीचा एमआयएस बघते. आमची वसुलीची मुलं ग्राहकाला फोन केला की सिस्टीममध्ये मराठीत शेरा टाकतात. मार्चअखेरीला असे चार हजारांच्या आसपास शेरे प्रकारांनुसार लावायचे होते. मी मॅनेजरसाहेबांची मेलवर परवानगी घेतली आणि संस्थेने घेतलेल्या टूलमध्येच काम केलं. फाईलमधून नाव, मोबाईल, खाते क्रमांक काढले. फक्त शेरा आणि मी दिलेला एक क्रमांक ठेवला. शेऱ्याच्या मजकुरातही मुलं नंबर लिहून ठेवतात, ते दहा अंकी नंबर शोधून पुसले. निकाल आल्यावर प्रत्येक प्रकारातले थोडे थोडे, असे दोनशे शेरे मी आणि एका वसुली अधिकाऱ्याने स्वतंत्रपणे वाचले. तेव्हा दिसलं की ‘शनिवारी भरतो म्हणाला’ असे शेरे ‘भरणा झाला’मध्ये जाऊन बसलेत. टूलला उदाहरणं देऊन मी काम पुन्हा करून घेतलं. शिवाय भरणा झाला की नाही हे शेऱ्यावरून ठरवायचंच नाही, खात्यातल्या जमा नोंदीवरून ठरवायचं, असा बदल केला. वर्गीकरण टूलने केलंय आणि त्यातलं किती हाताने तपासलंय, हे रिपोर्टखाली लिहिलं. तुमच्याकडेही असंच करीन : कंपनीने मंजूर केलेलं टूल, लागेल तेवढाच डेटा, आणि मूळ नोंदीशी जुळल्याशिवाय आकडा पुढे नाही.”

परवानगी मेलवर घेतली होतीस असं तू सांगितलंस, म्हणून ते वाक्य ठेवलंय. ती तोंडी असेल तर ‘तोंडी’ म्हण. रिस्कवाले नेमकं तिथेच बोट ठेवतात.

आता उपप्रश्न.

“नाव आणि नंबर काढले की डेटा सुरक्षित झाला?”

“नाही. अमेरिकेत लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं की झिप कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांना एकेकटं ओळखता येऊ शकतं. आपल्याकडे छोट्या गावात एखाद्या महागड्या मॉडेलची एकच गाडी असेल तर गाव, मॉडेल आणि कर्जाची तारीख यांवरून माणूस कळतो. म्हणून क्वेरी लिहायला मदत हवी असेल तर मी टूलला टेबलची रचना आणि मनाने बनवलेल्या दहा ओळी देते. खऱ्या ओळी देत नाही. क्वेरी लिहायला खऱ्या ओळी लागतही नाहीत.”

इथे कायद्याचा विषय निघाला तर एवढं पुरे : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. डेटा सुरक्षित ठेवण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. कलमं पाठ करू नकोस. कर्जाचं क्षेत्र आहे म्हणून रिझर्व्ह बँकेचंही नाव ठाऊक असू दे. वित्तक्षेत्रातल्या एआयसाठी तिने नेमलेल्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. अध्यक्ष होते आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य. मात्र तो अहवाल आहे, नियम नव्हे. ‘आरबीआयचा नियम आहे’ असं ठोकून दिलंस आणि समोरच्याने अहवाल वाचलेला असला, तर पंचाईत.

“ही क्वेरी टूलने दिली. तुम्ही वापराल?”

यावर जास्त वेळ घाल. खरी परीक्षा इथे असते आणि तुझी ताकदही इथेच आहे. कागदावर किंवा स्क्रीनवर असं काहीतरी समोर येईल, प्रश्न असेल ‘शाखेनुसार एकूण कर्जवाटप’ :

```sql
SELECT l.branch, SUM(l.loan_amount)
FROM loans l
JOIN payments p ON p.loan_id = l.loan_id
GROUP BY l.branch;
```

चालवली तर एररही येत नाही, म्हणून तर ती फसवी. ८०,००० रुपयांच्या कर्जाचे दहा हप्ते जमा झाले असतील तर `payments`मध्ये दहा ओळी असतात आणि तेच कर्ज आठ लाखांचं होऊन बेरजेत येतं. एवढं बरेच उमेदवार पकडतात. तू पुढचंही सांग. ज्याने एकही हप्ता भरला नाही त्याची `payments`मध्ये ओळच नाही, त्यामुळे तो ग्राहक यादीतून सरळ गायब होतो. म्हणजे रिस्कला ज्याची सगळ्यात जास्त काळजी, पहिलाच हप्ता चुकवणारा, तोच दिसत नाही. एकीकडे आकडा फुगतो, दुसरीकडे गळतो. एखाद्या शाखेत हे दोन्ही मिळून बेरीज योगायोगाने पटण्यासारखीही दिसू शकते.

तपासणी तोंडी सांगू नकोस, लिहून दाखव :

```sql
SELECT COUNT(*), COUNT(DISTINCT l.loan_id)
FROM loans l
JOIN payments p ON p.loan_id = l.loan_id;
```

“हे दोन आकडे वेगळे आले तर ओळी वाढल्यात. दुसरा आकडा `loans`मधल्या एकूण कर्जांपेक्षा कमी असेल तर कर्जं गळलीत. इथे फक्त वाटप हवंय, तर `payments` जोडायचीच गरज नाही. जमा रक्कमही शेजारी हवी असेल तर आधी `payments`ची `loan_id`नुसार बेरीज करीन आणि मग `LEFT JOIN`. शेवटी एकूण आकडा अकाउंट्सच्या लेजरशी जुळवीन.”

लेजर शब्द विसरू नकोस. डेटाबेसमधला आकडा डेटाबेसमधल्याच आकड्याशी जुळवून समाधान मानणारे पुष्कळ असतात.

पायथनवर गेलेच तर : पांडाजमध्ये `groupby` केल्यावर ज्या ओळीत शाखेचं नाव रिकामं, म्हणजे `NaN` आहे ती ओळ न विचारता वगळली जाते, ठेवायची तर `dropna=False` द्यावं लागतं. टूलने दिलेल्या कोडमध्ये ते बहुधा नसतं.

“मॉडेल म्हणतंय अमुक पिनकोडमध्ये कर्ज देऊ नका. काय कराल?”

“आधी बघीन त्या पिनकोडमध्ये आपण मुळात किती कर्जं दिलीत. वीस कर्जांतली चार थकली तर थकबाकी वीस टक्के दिसते, पण तेवढ्यावर अख्ख्या भागाला नाही म्हणणार नाही. दुसरं, ज्यांना आपण कर्ज नाकारलं ते फेडू शकले असते की नाही, हे आपल्या डेटात नसतंच. तिसरं, आपल्याकडे वस्ती बऱ्याचदा जात, धर्म आणि उत्पन्न यांनुसार वाटलेली असते. मॉडेलला जात सांगितली नाही तरी पिनकोडमधून ती आत शिरते. म्हणून त्याच पिनकोडमधले, सारख्या उत्पन्नाचे आणि सारख्या परतफेडीचे ग्राहक बाजूच्या पिनकोडशी ताडून बघीन आणि निष्कर्ष रिस्क टीमपुढे ठेवीन. नकाराचा निर्णय मी घेणार नाही, मॉडेलनेही घेऊ नये.”

उदाहरण मागितलं तर अॅमेझॉनचं दे. उमेदवारांचे अर्ज चाळणारी त्यांची प्रायोगिक प्रणाली बायकांचे अर्ज मागे टाकत होती. जुन्या अर्जांत पुरुष जास्त, त्यावरूनच ती शिकली होती. रॉयटर्सने ते २०१८ मध्ये छापलं.

“पाचला डेक हवाय, तपासायला वेळ नाही. मग?”

इथे बाणेदारपणा नको. “मुख्य तीन आकडे लेजरशी जुळवून देईन, बाकी स्लाइडवर ‘तपासणी बाकी’ लिहीन आणि पूर्ण डेक उद्या सकाळी किती वाजता देईन ते सांगीन. टूलने लिहिलेला मजकूर असेल तर त्यातले संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय ठेवणार नाही.” मोठ्या फर्मही यात अडकल्यात. ऑस्ट्रेलिया सरकारला दिलेल्या एका अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ निघाले आणि २०२५ मध्ये डेलॉइटने फीचा काही भाग परत केला. हे आपणहून सांगू नकोस, विषय निघाला तरच.

‘कुठलं टूल आवडतं’ विचारलं तर एका वाक्यात उत्तर देऊन मोकळी हो. घरी करायची असाइनमेंट दिली आणि त्यात एआय वापरलंस, तर कुठे वापरलं ते पहिल्या पानावर लिही. लपवलेलं तिथल्या तिथे उघडं पडतं, कारण आम्ही कोडमधली कुठलीही एक ओळ दाखवून ‘ही का?’ विचारतो.

शेवटी ते म्हणतील, ‘तुमचे काही प्रश्न?’ पगाराचं एचआरसाठी ठेव. अॅनालिटिक्सच्या माणसाला विचार : मंजूर टूल्सची यादी आहे का, ग्राहकाचा डेटा त्यात चालतो का, आणि टूलने दिलेल्या क्वेरीचा रिव्ह्यू कोण करतं? यादी नाही म्हणाले तर लगेच उपदेश करू नकोस. ‘मग सध्या टीम काय करते?’ एवढंच विचार आणि ऐकून घे. त्यावरून नोकरी घ्यायची की नाही हे तुलाही ठरवता येईल.

बुधवारी नऊनंतर मी मोकळा आहे. पिनकोडचं उत्तर मला इंग्रजीत म्हणून दाखव. मी मधेच तोडणार, ते गृहीत धर.

— दादा