नातेसंबंधांची कोडी : सराव पत्रिका, उत्तरांच्या वंशवृक्षांसह

(सोलापुरातील एका अभ्यासिकेत पोलीस भरती व तलाठी परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी)

बुद्धिमत्ता चाचणीतील नातेसंबंधांचे प्रश्न अवघड वाटतात, ते नाती अवघड असतात म्हणून नव्हे. प्रश्नकर्ता वाक्ये मुद्दाम उलट्या क्रमाने देतो आणि आपण ती त्याच क्रमाने डोक्यात साठवत बसतो म्हणून. या पत्रिकेतील प्रत्येक कोड्याचे उत्तर कागदावर, चार-पाच ओळींच्या वंशवृक्षातच शोधावे. पुरुषाच्या नावापुढे +, स्त्रीच्या नावापुढे − आणि लिंग कळलेले नसेल तेथे ? लिहावे. नवरा-बायकोंमध्ये = हे चिन्ह, भावंडांमध्ये आडवी रेघ आणि पिढी खाली उतरताना उभी रेघ काढावी. एका पिढीची माणसे एकाच पातळीवर ठेवावीत आणि एका माणसाला संपूर्ण आकृतीत एकच जागा द्यावी. हा शेवटचा नियम किरकोळ वाटतो, परंतु कोडे ४ त्याच्याशिवाय सुटत नाही.

कोडे १. सिद्धेश्वर तलावाच्या काठी काढलेल्या छायाचित्रातील एका बाईंकडे बोट दाखवून विश्वास म्हणाला, "यांच्या एकुलत्या एका मुलाची मुलगी ही माझ्या मुलाची सख्खी बहीण आहे." त्या बाई विश्वासच्या कोण?

उत्तर : आई. अशा वाक्याची सुरुवात शेवटच्या टोकापासून करावी. विश्वासच्या मुलाची सख्खी बहीण म्हणजे विश्वासचीच मुलगी, आणि तिचे वडील त्या बाईंचे एकुलते एक पुत्र आहेत. म्हणजे तो पुत्र स्वतः विश्वासच होय. वाक्यातील "माझ्या" या शब्दाखाली आधी रेघ मारून बोलणाऱ्याची जागा निश्चित केली, तर येथे आकृतीचीही गरज पडत नाही.

कोडे २. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालेला वसंत समोरच्या बाकावरील नंदिनीला म्हणाला, "माझ्या आईला एकच भाऊ आहे, त्याला मूलबाळ नाही, आणि त्याचे सासरे हे तुझ्या आईचे वडील आहेत. त्या आजोबांना दोनच मुली, मुलगा नाही. तुझी आई त्यांतील थोरली." (अ) वसंतचा मामा आणि नंदिनीचे वडील एकमेकांचे कोण? (आ) वसंत आणि नंदिनी यांच्यात रक्ताचे नाते आहे काय?

```
          आजोबा+
             |
     थोरली− ——— धाकटी−
     = वडील+     = मामा+ ——— आई−
        |                     |
     नंदिनी−                वसंत+
```

उत्तर : (अ) साडू. मामाची बायको त्या आजोबांची मुलगी आहे, मुली दोनच आहेत, थोरली नंदिनीची आई आहे, आणि मामाला मूलबाळ नसल्यामुळे तो नंदिनीचा बाप असू शकत नाही. त्यामुळे मामी धाकटीच असली पाहिजे. कोड्यात धाकटीचा उल्लेख कोठेही नाही, ती आकृतीत आपणच भरायची आहे, आणि नेमके येथेच बरेच जण अडकून मामालाच नंदिनीचे वडील ठरवून बसतात. (आ) नाही. वसंतपासून बोट ठेवून नंदिनीकडे जाऊन पाहावे : वर आईकडे, आडवे मामाकडे, तेथून = ओलांडून धाकटीकडे, पुढे थोरलीकडे आणि खाली नंदिनीकडे. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्याची प्रत्येक वाट एखाद्या = वरून आडवी जात असेल, तर ते नाते लग्नाने जुळलेले असते, रक्ताचे नसते.

कोडे ३. `A @ B` म्हणजे A ही B ची मुलगी, `A # B` म्हणजे A ही B ची पत्नी, `A $ B` म्हणजे A हा B चा भाऊ आणि `A * B` म्हणजे A हे B चे वडील, असे मानल्यास `M @ N # P $ R * T` यात T हे M चे कोण? पर्याय : चुलतभाऊ, चुलतबहीण, पुतण्या, निश्चित सांगता येणार नाही.

उत्तर : निश्चित सांगता येणार नाही. M ही N आणि P यांची मुलगी, P आणि R हे भावंड, R हे T चे वडील. म्हणून M आणि T ही चुलत भावंडे आहेत. R पुरुष आहे हे `*` मुळे कळते, परंतु T च्या पुढे कोणतेही चिन्ह नसल्यामुळे आकृतीत तेथे ? च राहतो. प्रश्न उलटा, म्हणजे M ही T ची कोण असा असता, तर चुलतबहीण हे उत्तर निर्विवाद ठरले असते.

कोडे ४. गड्ड्याच्या यात्रेसाठी एका घरातील नऊ माणसे एकत्र आली आहेत. आदित्यच्या आईचे वडील हेच आदित्यच्या वडिलांचे मामा आहेत. आदित्यची आई पद्मा हिची सासू ही सुजाताची नणंद आहे. सुजाताची सासू आणि व्यंकटची सासू एकच, गंगाबाई. गंगाबाई व शंकर यांना मल्लेश हा मुलगा आणि लक्ष्मी ही मुलगी अशी दोनच अपत्ये असून श्रीनिवास हा लक्ष्मीचा एकुलता मुलगा आहे. घरात कोणाचाही दुसरा विवाह झालेला नाही. (अ) सुजाता श्रीनिवासची कोण? (आ) व्यंकट मल्लेशचा कोण? (इ) आदित्यला एकूण किती पणजोबा?

वाचन पहिल्या वाक्यापासून सुरू केले, तर हाती काहीच लागत नाही, कारण त्यात एकच नाव आहे. दोनच अपत्ये असलेले जोडपे सर्वांत पक्के, म्हणून शंकर आणि गंगाबाई यांना माथ्यावर बसवावे. गंगाबाईंची सून ती मल्लेशचीच पत्नी, म्हणजे सुजाता. जावई तो लक्ष्मीचाच पती, म्हणजे व्यंकट. सुजाताची नणंद लक्ष्मी, तीच पद्माची सासू, म्हणून पद्माचा पती श्रीनिवास. श्रीनिवासचा मामा मल्लेश असल्यामुळे, पहिल्या वाक्यानुसार, पद्मा ही मल्लेशची मुलगी ठरते.

```
       शंकर+ = गंगाबाई−
              |
     मल्लेश+ ——— लक्ष्मी−
     = सुजाता−    = व्यंकट+
        |             |
      पद्मा−  =  श्रीनिवास+
              |
           आदित्य+
```

अनेक विद्यार्थी येथे पद्माचे माहेर वेगळ्या बाजूला काढून मल्लेशचे नाव दोनदा लिहितात आणि मग दोन मल्लेश एकच आहेत हे विसरतात. आतेभावाशी मुलीचे लग्न होणे सोलापूरच्या मराठी, तेलुगू आणि कन्नड घरांत नवलाचे नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही रूढी असेल तेथे अशा विवाहाला मुभा आहे. त्यामुळे "असे कसे होईल" म्हणून कोडे चुकीचे ठरवू नये.

उत्तर : (अ) मामी आणि सासू, दोन्ही. श्रीनिवासकडून वर लक्ष्मीमार्गे गेल्यास ती मामाची बायको आहे आणि पद्मामार्गे गेल्यास बायकोची आई आहे. पर्यायांत दोन्ही असल्यास "अ व ब दोन्ही" निवडावे. (आ) बहिणीचा नवरा म्हणून मेहुणा आणि मुलीचा सासरा म्हणून व्याही. (इ) तीन. एरवी प्रत्येकाला चार पणजोबा असतात : आजोबांचे वडील आणि आजीचे वडील, असे वडिलांकडून दोन व आईकडून दोन. आदित्यच्या बाबतीत व्यंकटचे वडील एक, सुजाताचे वडील दुसरे, आणि लक्ष्मीचे व मल्लेशचे वडील म्हणून दोनदा मोजले जाणारे शंकर हे तिसरे. पणजींचा हिशेबही तसाच, त्यामुळे पणजोबा-पणजी मिळून आठऐवजी सहाच माणसे भरतात.