उत्तर: नऊ गावांचा पाण्याचा ताळेबंद – अहवाल सोबत जोडला आहे

प्रति: निखिल
प्रत: मेधाताई, अनघा मॅडम, संतोष, रूपाली
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

निखिल,

कालची तुझी मेल आणि तिच्यावर आलेली उत्तरं काल रात्री वाचली. लगेच लिहिलं असतं तर शब्द वेगळे निघाले असते, म्हणून सकाळपर्यंत थांबले. हे तुला एकट्याला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे, कारण तूही सगळ्यांनाच लिहिलं होतंस.

तुझं पहिलं वाक्य असं आहे : "मी तयार केलेला नऊ गावांचा ताळेबंद सोबत जोडतो आहे, गेले सात महिने यावर काम करत होतो." त्यावर अनघा मॅडमनी तुझं कौतुक केलं. तू आभार मानलेस आणि पुढच्या टप्प्यातल्या गावांसाठीही "मी हीच पद्धत बसवून देतो" असं कळवलंस. या तिन्ही मेलमध्ये संतोष, रूपाली, मी किंवा गावांतल्या जलसेवकांपैकी एकाचंही नाव नाही. घाईत एखादं नाव राहून जातं, ते मी समजू शकते. पण कौतुक झाल्यावर लिहिलेल्या उत्तरातही कुणाची आठवण झाली नाही, त्याला घाई म्हणता येत नाही.

काम कुणी काय केलं ते तुला माहीत आहे, पण या मेलवर असलेल्या सगळ्यांना माहीत नाही. म्हणून लिहिते. ५४ निरीक्षण विहिरी संतोषने निवडल्या, प्रत्येक गावात सहा. मे आणि ऑक्टोबर मिळून १०८ नोंदी झाल्या. त्या संतोष, रूपाली आणि नऊ जलसेवकांनी घेतल्या. पिकांखालचं क्षेत्र ई-पीक पाहणीच्या आकड्यांवरून घेतलं होतं, पण तीन गावांत ते शिवारातल्या परिस्थितीशी जुळेना, तेव्हा रूपालीने बांधावर उभं राहून ते पुन्हा मोजलं. हिशेबाची पत्रकं, सूत्रं आणि पुनर्भरणाचा भाग माझा. नकाशे सगळे तुझे, आणि अहवालाची मांडणीही तुझीच. ते नकाशे उत्तम आहेत. ग्रामसभेत लोक आकड्यांपेक्षा त्यांच्याकडेच आधी बघतील, हे मी तुला ऑक्टोबरमध्येच म्हटलं होतं आणि आजही म्हणते. तुझ्या वाट्याचं श्रेय छोटं नाही. मग दुसऱ्यांच्या वाट्याचं कशाला घेतलंस, ते मला खरंच कळत नाही.

आता याहून महत्त्वाचं. तू जोडलेली फाइल चुकीची आहे.

तू पाठवलीस ती `talebanda_21nov.xlsx`. पक्की फाइल `talebanda_03dec_antim.xlsx` आहे, आणि ती ३ डिसेंबरला संध्याकाळी सामायिक फोल्डरमध्ये ठेवली होती. या दोन्हींतला फरक वरवरचा नाही. गाव क्र. ४ मध्ये मे महिन्यात टेप कठड्याच्या वरच्या काठावरून सोडली गेली आणि कठड्याची उंची लिहायचा रकाना कोरा राहिला. ऑक्टोबरमध्ये मात्र उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहिली. एका विहिरीचं उदाहरण देते : मे महिन्यात ११.२ मीटर, ऑक्टोबरमध्ये ४.१ मीटर, म्हणजे पाणी ७.१ मीटर चढलं असं दिसतं. प्रत्यक्षात कठडा ९० सेंटिमीटरचा आहे, त्यामुळे मे महिन्याची खरी खोली १०.३ आणि चढ ६.२ मीटर. गावातल्या सहाही विहिरींचे कठडे थोड्याफार फरकाने तेवढेच आहेत.

९० सेंटिमीटरने काय बिघडतं, असं वाटेल. गावाचं क्षेत्र ८०० हेक्टर आणि आपल्याकडच्या झिजलेल्या बेसॉल्टसाठी धरलेला स्पेसिफिक यील्ड २ टक्के. तेवढ्या चुकीने कागदावर १ लाख ४४ हजार घनमीटर, म्हणजे १४ कोटी ४० लाख लिटर पाणी जास्त दिसतं. साधारण पंचवीसेक हेक्टर उन्हाळी कांद्याचं पाणी. ते जमिनीत नाहीच. आणि कांद्याच्या लागणी आत्ता, या महिन्यातच चालू आहेत.

ही चूक संतोषला सापडली. लताबाईंच्या वहीत मे महिन्याच्या पानावर "काठावरून" एवढा एकच शब्द समासात लिहिलेला होता, पेन्सिलीने, आणि त्यावर पाण्याचा डाग. पत्रकात भरताना तो शब्द कुणाच्याच नजरेस पडला नव्हता, माझ्याही नाही. संतोष दिवाळीच्या सुट्टीनंतर परत गेला आणि लताबाईंना बरोबर घेऊन सहाही कठडे मोजून आला. त्यातल्या एका विहिरीत गांधीलमाश्यांचं पोळं होतं. हाताला सूज घेऊन आलेला संतोष तूही ऑफिसात पाहिलास. चहा पिताना त्याची थट्टाही केलीस.

अनघा मॅडमनी विचारलं होतं की गाव क्र. ४ मध्ये पातळीतला फरक इतका जास्त का, आणि तू "उन्हाळ्यातला उपसा जास्त असल्याने" असं उत्तर दिलंस. मॅडम, ते उत्तर कृपया धरू नका. त्या जास्तीच्या फरकाचा मोठा भाग कठड्याचा आहे. प्रश्न संतोषकडे किंवा माझ्याकडे आला असता तर लगेच खुलासा झाला असता, पण मेल वाचून हे काम आमचं आहे हे तुम्हाला कळायला मार्गच नव्हता.

माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे आणि त्यात घासाघीस करायची माझी तयारी नाही. गुरुवारी, ११ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत तू याच मेलवर, याच सगळ्यांना, दुरुस्ती पाठव : काम कुणाकुणाचं आहे ते आणि ३ डिसेंबरची फाइल. अहवालाच्या पहिल्या पानावर चौघांची नावं आणि त्याखाली नऊ जलसेवकांची पूर्ण नावं जातील. यादी रूपालीकडे तयार आहे. आणि १८ तारखेच्या सादरीकरणात नकाशे तू मांड, मोजणीची पद्धत संतोष मांडेल, हिशेब मी. पुढच्या टप्प्यात पद्धत कोण बसवणार हे मेधाताई ठरवतील. तोवर कुणीही एकट्याने शब्द देऊ नये.

गुरुवारपर्यंत तुझी मेल आली नाही तर शुक्रवारी सकाळी मी ती पाठवेन. मला ते आवडणार नाही. तीन वर्षं एका जीपमध्ये फिरलोय आपण, म्हणूनच आत्ताही "तुम्ही" न म्हणता "तू" म्हणून लिहिते आहे.

मेधाताई, तुम्हाला आधी फोन करायला हवा होता हे मान्य. पण चुकीचा आकडा अनघा मॅडमकडून पुढे जायच्या आत तो थांबवणं जास्त गरजेचं वाटलं. तुम्ही म्हणाल तेव्हा बसू, निखिललाही घेऊन.

पक्की फाइल आणि लताबाईंच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे.

गाव क्र. ४ ला सुधारलेले आकडे सांगायला शनिवारी सकाळी सातला जीप निघते आहे. निखिल, तुझी जागा ठेवली आहे.

वर्षा