संपादकीय कॅलेंडर : सप्टेंबर ते नोव्हेंबर 2026

व्हिडिओ दर गुरुवारी संध्याकाळी 7 वाजता. अपवाद एकच, तो खाली आहे.

साखळी अशी: कच्चा मसुदा प्रसारणाच्या 21 दिवस आधी, शूटिंग 14 दिवस आधीपर्यंत, पहिला कट 8 दिवस आधी, आणि आदल्या मंगळवारी फाइल शेड्यूलला लागलेली. बुधवारी रात्री कुणी थंबनेल करत बसायचं नाही.

राखीव साठा: 31 ऑगस्टपर्यंत चार व्हिडिओ पूर्ण तयार हवेत. नळदुर्गचा पाणी महाल, तेरचं संग्रहालय, पैठणीचा माग, खरोसा लेणी. नळदुर्ग सगळ्यात आधी उरका. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातलाच तो महाल आहे, वरून पाणी कोसळतंय तोवरच तिथं जाण्यात मजा. उन्हाळ्यात नुसती भिंत दिसते. सप्टेंबरात भर म्हणून अंबाजोगाई आणि औशाचा किल्ला. साठा दोनच्या खाली जाऊ द्यायचा नाही. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलं की आपल्यातल्या तिघांना शेतावर जावं लागतं, कॅमेरावाले काका तर आठ-दहा दिवस फोनही उचलत नाहीत. म्हणून सगळा जोर ऑगस्ट-सप्टेंबरात.

सप्टेंबर : आठवणी

3 तारखेला पोळ्याचा बाजार: झुली, घुंगरमाळा, म्होरक्या. हलकाफुलका, सहा मिनिटं पुरे. 10 ला महालक्ष्म्यांची तयारी. मुखवटे घडवणाऱ्यांचं बोलणं जास्त, आरास कमी.

17 सप्टेंबर यंदा गुरुवारीच येतो. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा व्हिडिओ. देश स्वतंत्र झाला आणि आपण आणखी 13 महिने निजामाच्या राज्यात राहिलो, 1948 च्या 17 सप्टेंबरला सुटलो, हे शाळेतल्या भाषणात दरवर्षी येतं. आपण ते दोन वाक्यांत उरकू. मुख्य भाग: हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, तिथे शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ, आणि गावागावांतली म्हातारी माणसं काय सांगतात ते. रझाकारांबद्दल बोलताना आजच्या कुठल्या समाजाकडे बोट जाईल असं एकही वाक्य नको. मसुदा 25 ऑगस्टला ताईंनी दोनदा वाचावा.

24 ला पैठणीचा माग, साठ्यातला.

30 सप्टेंबर, बुधवार, सकाळी 7 : किल्लारी. हाच तो अपवाद. 1993 साली गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे 3:56 ला भूकंप झाला. तो दिवस पुढे-मागे सरकवायचा नाही. 1 ऑक्टोबरला मग सुट्टी. विषय एकच: दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं, आणि नव्या वसाहतींत लोकांनी तिथली घरं कशी बदलून घेतली. पार्श्वसंगीत नाही. रडणाऱ्या माणसाच्या तोंडावर झूम नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना पहिला कट दाखवायचा, ते नको म्हणाले तर तो भाग निघाला. त्यासाठी पहिला कट 8 नाही, 15 दिवस आधी, आणि शूटिंग त्याच्याही आधी.

ऑक्टोबर : रास आणि देवी

8 ला तुळजापूर. नवरात्र 11 ला बसतं, त्याआधी देवीची मंचकी निद्रा असते. ती काय हे बाहेरच्याला समजेल असं. गाभाऱ्यात कॅमेरा काढायचा नाही, बाजार आणि वाट पुष्कळ झाली.

15 ला खळं, 22 ला आडत. हे दोन जोडून. आडतीत शेतकरी पोतं उघडतो, मूठभर दाणे मॉइश्चर मशीनमध्ये पडतात आणि आकडा येईपर्यंत कुणीच बोलत नाही. तेवढा शॉट न कापता ठेवा. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीची ओलाव्याची मर्यादा 12 टक्के, 2024 च्या हंगामात केंद्राने ती 15 टक्के केली होती. यंदाचा हमीभाव आणि मर्यादा 19 तारखेला पुन्हा तपासून मगच पट्टी टाका. पाऊस लांबला तर दोन्ही आठवडाभर पुढे, 15 ला औसा. मग 29 चं तेर 26 नोव्हेंबरनंतर.

29 ला तेर.

नोव्हेंबर : गाव सोडणारे

5 ला खरोसा, 12 ला नळदुर्ग. लक्ष्मीपूजन 8 ला आहे, त्या आठवड्यात कुणाला फोन करू नये, मलाही नाही.

19 आणि 26 : ऊसतोड, दोन भाग. शूटिंग दसरा ते दिवाळी या दिवसांतच, कारण कारखाने पेटले की टोळ्या निघतात. पहिल्या भागात मुकादम, उचल आणि ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे पैशाचं गणित. दुसऱ्यात मागे राहिलेली आजी आणि नातवंडं. उचलीचा आकडा कुणी सांगितला तर चेहरा दाखवायचा नाही आणि गावाचं नावही घ्यायचं नाही. मुकादम पुढच्या हंगामात त्याच घरी येणार आहे. मुलांचे चेहरे फक्त घरच्यांच्या होकाराने.

डिसेंबरचे मसुदे 16 नोव्हेंबरपर्यंत माझ्याकडे द्या. त्यात हुरडा नक्की धरा.