किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षय: आरोग्य शिक्षण कार्यक्रमाचा आराखडा

हा कार्यक्रम नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एका आश्रमशाळेत, इयत्ता आठवी ते दहावीच्या चाळीस मुलींसाठी, मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणि आशाताईंच्या सहकार्याने घेतला जाईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ (२०१९-२१) नुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, म्हणून हा विषय निवडला आहे.

सत्राअखेर मुलींना रक्तक्षयाची कारणे व लक्षणे सांगता यावीत, तसेच हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय हे समजावे, हे उद्दिष्ट आहे. पंचेचाळीस मिनिटांतील सर्वाधिक वेळ आहार व गोळ्यांना दिला जाईल. माठ, शेवग्याचा पाला, मटकी, हरभरे हे परिसरात मिळणारे पदार्थ प्रत्यक्ष मांडून, त्यांतील लोह शरीरात नीट शोषले जावे यासाठी सोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा आणि जेवणालगत चहा टाळावा, हे दाखवले जाईल.

आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. मळमळीच्या भीतीने मुली ती टाळतात, हीच माझ्या मते खरी अडचण आहे. म्हणून गोळी जेवणानंतर घ्यावी आणि शौचाचा रंग काळा झाल्यास घाबरू नये, हे स्पष्ट सांगितले जाईल. मासिक पाळीतील अतिरक्तस्राव व जंतनाशक गोळी यांवर थोडक्यात चर्चा होईल.

मूल्यमापन सत्रापूर्वी व सत्रानंतर तोंडी प्रश्नांनी होईल आणि लक्षणे आढळलेल्या मुलींना तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले जाईल.