परिपत्रक : द्वितीय वर्ष भौतिकशास्त्र, वर्गचाचणी

सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, उष्मागतिकीची २० गुणांची वर्गचाचणी येत्या सोमवारी सकाळी १० ते ११ या वेळेत खोली क्र. १२ मध्ये होईल. अभ्यासक्रम : पहिला व दुसरा नियम, कार्नो इंजिन. एंट्रॉपी या चाचणीत नाही.

प्र. १ : पाच वस्तुनिष्ठ प्रश्न, ५ गुण. प्र. २ : तीनपैकी दोन, १० गुण. प्र. ३ : उदाहरण, ५ गुण, पैकी सूत्र १, पायऱ्या ३, एककासह उत्तर १. कार्यक्षमता काढताना तापमान केल्विनमध्येच घ्या. सेल्सिअस घेतल्याने मागच्या वेळी चांगल्या मुलांचेही गुण गेले, याचे वाईट वाटते. उत्तर चुकले तरी योग्य पायऱ्यांचे गुण मिळतील, म्हणून उदाहरण कोरे सोडू नका.

ओळखपत्र आणा. साधा कॅल्क्युलेटर चालेल, मोबाइल नाही. दहा मिनिटांनंतर प्रवेश नाही.

विभागप्रमुख, भौतिकशास्त्र